‘चोरी वाईट आहे’ हे विधान की उद्गार? भावनावाद आणि ‘जर’ची अडचण

फाशी, दयामरण, गर्भपात किंवा प्राण्यांवरचे प्रयोग अशा विषयांवर चर्चा तापली की कोणीतरी हमखास म्हणतो, ‘योग्य-अयोग्य असे खरे तर काही नसते, ज्याला जे वाटते ते तो बोलतो.’ बोलणाऱ्याचा हेतू बहुधा वाद मिटवण्याचा असतो आणि वाद काही मिटत नाही. मात्र या वाक्यात दडलेली कल्पना विसाव्या शतकातील काही तत्त्वज्ञांनी अतिशय काटेकोरपणे मांडली. तिला भावनावाद, म्हणजे इमोटिव्हिझम, असे नाव आहे. तिच्यावर सर्रास घेतले जाणारे बरेचसे आक्षेप तिला लागत नाहीत, आणि जो आक्षेप वर्मी लागतो तो ‘जर’ या साध्या शब्दातून निघतो. हा लेख मुख्यतः त्या आक्षेपाबद्दल आहे. तिथवर पोहोचण्यासाठी मूळ सिद्धान्त नीट समजून घ्यावा लागेल, कारण तो बहुतेक वेळा चुकीचा सांगितला जातो.

सिद्धान्त नेमका काय आहे

ब्रिटिश तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांचे ‘लँग्वेज, ट्रुथ अँड लॉजिक’ हे पुस्तक 1936 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे 25 होते. त्याआधी ते व्हिएन्नातील तत्त्वज्ञ आणि वैज्ञानिकांच्या एका गटाच्या सहवासात राहून आले होते. त्या गटाने अर्थपूर्ण वाक्य ओळखण्याची एक कसोटी पुढे केली होती. वाक्य एक तर केवळ शब्दांच्या अर्थामुळेच खरे ठरणारे असावे, जसे ‘त्रिकोणाला तीन बाजू असतात’, नाहीतर त्याचा पडताळा अनुभवातून घेता यावा, जसे ‘या भांड्यात पाणी आहे’. दोन्हींत न बसणारे वाक्य वस्तुस्थितीबद्दल काहीच सांगत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आता ‘तू ते पैसे चोरलेस, हे वाईट केलेस’ या वाक्याला ही कसोटी लावून पाहावी. पैसे चोरले की नाही याचा पडताळा घेता येतो. साक्षीदार असतात, हिशेब असतात, रिकामी तिजोरी असते. पण ‘वाईट’ हा गुण कोठे पाहायचा? एअर यांचे उत्तर असे की, ‘वाईट’ या शब्दाने वाक्यातील माहितीत कसलीही भर पडत नाही. ‘तू ते पैसे चोरलेस’ हे एका विशिष्ट, घृणेच्या स्वरात म्हटले असते तरी तेवढेच सांगून झाले असते. आणि ‘चोरी करणे वाईट आहे’ या सर्वसाधारण वाक्यात तर माहिती मुळीच नाही. ते एखाद्या उद्गारचिन्हासारखे नापसंती प्रकट करते. म्हणून ते खरेही नसते आणि खोटेही नसते.

‘मला आवडत नाही’ असे सांगणे म्हणजे भावनावाद नव्हे

येथे एक भेद सुटला की पुढचे सारेच चुकते. ठेच लागल्यावर माणूस ‘आई गं!’ म्हणतो, आणि डॉक्टरांपुढे बसून तोच ‘माझा अंगठा दुखतो आहे’ असे सांगतो. दुसरे वाक्य वेदनेविषयीचे विधान आहे. माणूस ढोंग करत असेल तर ते खोटे ठरते. पहिला उद्गार मात्र वेदनेविषयी काही सांगत नाही; त्यातून वेदना बाहेर पडते. ‘आई गं!’ला कोणी ‘खोटे!’ असे उत्तर देऊ शकत नाही. फार तर ते नाटकी आहे असे म्हणता येईल.

‘चोरी वाईट आहे’ म्हणजे ‘मला चोरी आवडत नाही’, असे मानणारा एक वेगळा सिद्धान्त आहे, आणि त्याच्या मते नैतिक वाक्य हे बोलणाऱ्याच्या मनाविषयीचे विधान असते. एअर यांनी तो स्पष्टपणे नाकारला. त्यांच्या मते नैतिक वाक्य ‘आई गं!’च्या जातीचे आहे. चर्चेत ‘हे तुझे वैयक्तिक मत आहे’ असे म्हणणारा माणूस सहसा एअर यांनी नाकारलेला सिद्धान्त मांडत असतो आणि आपण भावनावाद मांडतो आहोत असे समजत असतो.

हा भेद का महत्त्वाचा, ते मतभेदाच्या प्रश्नावर लगेच दिसते. ‘चोरी वाईट’ याचा अर्थ ‘मला चोरी आवडत नाही’ असा असेल, तर ‘वाईट’ म्हणणारी सुमन आणि ‘वाईट नाही’ म्हणणारा केशव एकमेकांना विरोधच करत नाहीत. तिला चोरी आवडत नाही हे खरे आणि त्याला ती खटकत नाही हेही खरे. मग भांडण कशाचे? हा आक्षेप जी. ई. मूर यांनी घेतला होता आणि त्या सिद्धान्तावर तो बिनतोड आहे. भावनावादावर तो तितकासा चालत नाही, आणि त्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स स्टीव्हन्सन यांना जाते.

मग नैतिक वाद होतात ते कशावरून?

स्टीव्हन्सन यांनी 1937 च्या एका निबंधात आणि पुढे 1944 च्या ‘एथिक्स अँड लँग्वेज’ या ग्रंथात मतभेदांचे दोन प्रकार सांगितले. एक समजुतीतला मतभेद: गाडी किती वाजता सुटते याविषयी दोघांच्या समजुती वेगळ्या असतात आणि वेळापत्रक पाहिले की प्रश्न मिटतो. दुसरा वृत्तीतला: दोघांना सर्व माहिती सारखीच आहे, पण एकाला अमुक गोष्ट व्हायला हवी आहे आणि दुसऱ्याला ती होऊ द्यायची नाही. संध्याकाळ कोठे घालवायची यावरून दोन मित्रांत ओढाताण होते, तेव्हा कोणी खोटे बोलत नसते, तरीही विरोध खरा असतो, कारण दोन्ही इच्छा एकदम पुऱ्या होऊ शकत नाहीत.

नैतिक वादात हे दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. फाशीमुळे खून कमी होतात का, हा समजुतीचा प्रश्न आहे, आणि त्यावर आकडेवारी पुढे करता येते. पण सगळे आकडे मान्य असूनही दोन माणसे फाशीच्या बाजूने आणि विरोधात उभी राहू शकतात. तिथे वृत्तींचा संघर्ष उरतो. स्टीव्हन्सन यांच्या मते नैतिक भाषा अशा जागी नुसत्या भावना ओकत नाही. ऐकणाऱ्याची वृत्ती बदलण्याचे काम ती करते. ‘हे चांगले आहे’ याचा ढोबळ अर्थ त्यांनी ‘मला हे पसंत आहे, तुम्हीही पसंत करा’ असा दिला. भावना हा शब्दही येथे जरा दिशाभूल करतो. चोरी वाईट आहे असे मानणाऱ्याचा संताप दिवसभर उसळत नसतो. त्याच्या ठिकाणी एक टिकाऊ कल असतो. त्यामुळे ‘मी तर हे शांतपणे बोलतो, माझ्या मनात कसलीही भावना नाही’ हा आक्षेप भावनावाद्याला फारसा अडवत नाही.

‘मग काहीही चालेल!’

सामान्य वाचकाचा सर्वांत जोराचा आक्षेप हा असतो, आणि माझ्या मते सर्वांत दुबळाही हाच आहे. नैतिक वाक्ये केवळ भावना प्रकट करत असतील, तर क्रूरता आणि दया सारख्याच योग्यतेच्या ठरतात, असे यात गृहीत धरलेले असते. पण ‘दोन्ही सारख्याच योग्यतेच्या आहेत’ हे स्वतःच एक नैतिक वाक्य आहे, आणि भावनावाद ते उच्चारत नाही. तो नैतिक शब्द काय काम करतात एवढेच सांगतो. कोणती वृत्ती धरावी हे सांगत नाही. क्रूरतेची मनापासून चीड असलेला भावनावादी पूर्णपणे सुसंगत असतो. त्याच न्यायाने, ‘सगळ्या भावनाच आहेत, म्हणून सर्वांनी सहिष्णू असावे’ हा लोकप्रिय निष्कर्षही भावनावादातून निघत नाही.

याच्या शेजारचा एक आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. एखाद्या माणसाला कारणे देऊन पटवणे आणि त्याला भूलथापा देऊन वळवणे यांत फरक असतो, असे आपण मानतो. स्टीव्हन्सन यांच्या मांडणीत, समोरच्याची वृत्ती बदलू शकेल असे बोलणाऱ्याला वाटणारे कोणतेही तथ्यविधान नैतिक निर्णयाचे कारण म्हणून पुढे करता येते. मग प्रचारकाची युक्ती आणि विचारवंताचे कारण यांत परिणामकारकतेपलीकडे काय फरक राहिला? ॲलस्डेअर मॅकिन्टायर यांनी 1981 साली ‘आफ्टर व्हर्च्यू’मध्ये हा मुद्दा लावून धरला. भावनावादी म्हणेल की फसवून वळवण्याविषयीही आपली नापसंती आहे आणि ती व्यक्त करायला आपण मोकळे आहोत. हे उत्तर विसंगत नाही. पण कारण ‘चांगले’ असणे म्हणजे काय, या प्रश्नाला ते बगल देते, असे मला वाटते.

पायाच कच्चा आहे का?

व्हिएन्नाच्या कसोटीवर एक प्रसिद्ध आक्षेप आहे: ही कसोटी स्वतः त्या कसोटीला उतरते का? ती शब्दार्थावरून खरी ठरत नाही आणि प्रयोगशाळेत तपासताही येत नाही. आज ती त्या स्वरूपात मानणारे क्वचितच सापडतील. पण भावनावाद तेवढ्यावर उभा नाही. त्यामागे एक जुना आणि अधिक चिवट विचार आहे, जो डेव्हिड ह्यूम यांनी अठराव्या शतकात मांडला होता. बाहेर पाऊस पडतो आहे ही नुसती समजूत माणसाला छत्री उचलायला लावत नाही. त्याला कोरडे राहायचेही असावे लागते. याउलट, चोरी वाईट आहे असे मनापासून मानणारा माणूस चोरीपासून काही अंशी तरी आपोआप मागे सरतो. त्यासाठी वेगळी इच्छा जोडावी लागत नाही. मग नैतिक निर्णय समजुतीच्या वर्गात बसतो की इच्छेच्या? कसोटी टाकून दिली तरी हा प्रश्न कायम राहतो, आणि भावनावादाच्या वारसांना आजही बळ मिळते ते येथूनच.

‘जर’ची अडचण

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. तो ब्रिटिश तत्त्वज्ञ पीटर गीच यांनी 1960 च्या दशकात, विशेषतः 1965 च्या एका निबंधात मांडला. त्यातील मूळ विचार जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे यांचा असल्याचे त्यांनी सांगितले, म्हणून तो दोघांच्या नावाने ओळखला जातो. पुढील युक्तिवाद पाहावा.

चोरी करणे वाईट आहे.
जर चोरी करणे वाईट असेल, तर चोरीचा माल विकत घेणेही वाईट आहे.
म्हणून चोरीचा माल विकत घेणे वाईट आहे.

हा युक्तिवाद बिनचूक आहे. पहिली दोन वाक्ये मान्य करून तिसरे नाकारणारा माणूस स्वतःशीच विसंगत बोलतो, हे कळायला तर्कशास्त्र शिकावे लागत नाही. पण भावनावाद्याला ते समजावून सांगता येते का?

पहिल्या वाक्यात ‘चोरी करणे वाईट आहे’ हे शब्द चोरीविषयीची नापसंती व्यक्त करतात, ठीक. दुसऱ्या वाक्यात तेच शब्द ‘जर’च्या आत आले आहेत, आणि तेथे ते नापसंती व्यक्त करत नाहीत. चोरीत काही गैर नाही असे मानणारा माणूसही दुसरे वाक्य निर्धास्तपणे उच्चारू शकतो: ‘जर ती वाईट असेल तर माल घेणेही वाईट, पण ती वाईट नाहीच.’ म्हणजे ‘वाईट’ या शब्दाचे सारे काम भावना प्रकट करणे एवढेच असेल, तर ‘जर’च्या आत शिरल्यावर तो शब्द निकामी होतो, किंवा त्याचा अर्थ तरी बदलतो.

अर्थ बदलतो असे म्हटले तर काय होते? ‘हार गळ्यात घालतात, काल त्या संघाची हार झाली, म्हणून ती हार गळ्यात घालता येईल.’ येथे ‘हार’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला आहे, म्हणून युक्तिवाद हास्यास्पद होतो. चोरीच्या युक्तिवादात ‘वाईट’चा अर्थ पहिल्या ओळीत एक आणि दुसऱ्या ओळीत दुसरा असेल, तर तोही याच पंगतीत जाऊन बसायला हवा. पण तो तसा नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘आई गं!’ला ‘जर’ जोडून पाहावे: ‘जर आई गं!, तर दवाखान्यात जाऊ.’ हे वाक्यच होत नाही. ‘वाईट’ मात्र ‘जर’मध्ये, ‘किंवा’मध्ये, ‘चोरी वाईट आहे का?’ या प्रश्नात, सगळीकडे अगदी सहज बसतो, आणि विधानात वापरल्या जाणाऱ्या इतर कोणत्याही शब्दासारखा वागतो.

ब्लॅकबर्न यांचे उत्तर

या आक्षेपाने भावनावाद संपला असे अनेकांना वाटले. सायमन ब्लॅकबर्न यांनी 1984 साली त्याला नवा मार्ग दाखवायचा प्रयत्न केला. त्यांच्या मते ‘जर-तर’चे नैतिक वाक्यही एक वृत्तीच व्यक्त करते, फक्त ती एक पायरी वरची असते. चोरी नापसंत करायची आणि चोरीचा माल घेणे मात्र नापसंत करायचे नाही, अशी मनाची ठेवण मला नापसंत आहे, एवढे ते वाक्य सांगते. नापसंती येथे कृत्याविषयी नसून दोन वृत्तींच्या जोडीविषयी आहे. आता सुमन पहिले वाक्य मानते, म्हणजे तिला चोरी नापसंत आहे. दुसरे मानते, म्हणजे वर सांगितलेली ठेवण तिला नापसंत आहे. तरी ती तिसरे मानत नसेल, तर तिला जी ठेवण नापसंत आहे नेमकी तीच तिची स्वतःची आहे.

उत्तर चतुर आहे, पण त्यात एक फट राहते. स्वतःला नापसंत असलेली गोष्ट स्वतःच करणे ही दुर्बलता आहे, ढोंग आहे, कदाचित दोषही आहे. तार्किक विसंगती मात्र नाही. चहाडी वाईट मानणारा आणि तरीही चहाड्या करणारा माणूस आपल्याला रोज भेटतो, आणि त्याला आपण तर्क कळत नाही असे म्हणत नाही. सुमनची चूक मात्र तर्काची होती. ब्लॅकबर्न यांच्या उत्तरात ती चारित्र्याची चूक होऊन बसते. हा आक्षेप लवकरच घेतला गेला, आणि ब्लॅकबर्न यांनाही आपली मांडणी पुढे बदलावी लागली.

‘नाही’ कोठे ठेवायचा?

अडचण ‘जर’पुरती असती तर कदाचित निभावली असती. पण ती त्याहून साध्या शब्दाशी, ‘नाही’शी, येऊन भिडते. निकोलस अनविन यांनी 1999 साली ती नेमकी दाखवून दिली. ‘चोरी वाईट आहे असे केशव मानतो’ या वाक्यात ‘नाही’ तीन ठिकाणी घालता येतो.

एक: चोरी वाईट आहे असे केशव मानत नाही. (त्याने कधी विचारच केला नसेल.)
दोन: चोरी वाईट नाही असे केशव मानतो.
तीन: चोरी न करणे वाईट आहे असे केशव मानतो.

ही तीन वाक्ये उघडपणे वेगळी आहेत. आता भावनावाद्याचे रूप घ्यावे: ‘केशवला चोरी नापसंत आहे.’ यात ‘नाही’ घालायला जागा दोनच आहेत. ‘केशवला चोरी नापसंत नाही’, हे पहिल्याशी जुळते. ‘केशवला चोरी न करणे नापसंत आहे’, हे तिसऱ्याशी जुळते. दुसऱ्याशी जुळणारे काहीच उरत नाही, आणि आपल्याला रोज लागणारे वाक्य तर दुसरेच आहे, कारण ‘यात वाईट काही नाही’ असे ठामपणे म्हणणारा माणूस ना अनभिज्ञ असतो, ना चोरी न करणाऱ्यांवर चिडलेला असतो.

यावर सुचणारा सरळ उपाय म्हणजे दुसऱ्या वाक्यासाठी वेगळी वृत्ती मानणे: केशव चोरीला ‘मुभा देतो’, ती सहन करतो. पण मग नापसंती आणि मुभा या दोन निराळ्या वृत्ती झाल्या, आणि त्या एकाच माणसाच्या मनात एकत्र असल्या तर तो विसंगत का ठरतो, हे सांगणे बाकीच राहते. ‘पाऊस पडतो आहे’ आणि ‘पाऊस पडत नाही’ या दोन समजुती विसंगत आहेत, कारण एकच मजकूर एकीत होकाराने आणि दुसरीत नकाराने आला आहे. नापसंती आणि मुभा यांच्यात अशी नकाराची कडी नाही. त्या विसंगत आहेत हे फक्त गृहीत धरावे लागते.

ॲलन गिबर्ड हे या परंपरेतील एक मोठे नाव. अशा वृत्तींमधला विरोध हाच मूळ धरून त्यावर तर्काची इमारत उभारावी, असा मार्ग त्यांनी घेतला: दोन वृत्ती एकमेकींशी ‘असहमत’ असतात ही गोष्ट आणखी कशातून सिद्ध करायची गरज नाही, कारण समजुतींच्या बाबतीतही कोठेतरी आपण तेवढे गृहीत धरतोच. हे पटते की नाही यावर आज तज्ज्ञांत दोन तट आहेत. आणखी काही जण मधली वाट काढतात. त्यांच्या मते नैतिक वाक्य एकाच वेळी समजूतही सांगते आणि वृत्तीही व्यक्त करते, त्यामुळे ‘जर’ आणि ‘नाही’ यांचा भार समजुतीने पेलावा आणि कृतीकडे ढकलण्याचे काम वृत्तीने करावे. या वाटेने तर्काचा प्रश्न सुटतो खरा, पण ती समजूत नेमकी कशाविषयीची आहे, हे सांगावे लागते, आणि एअर यांना ‘वाईट’ नावाचा जो गुण कोठेच सापडला नव्हता, त्याचीच विचारणा पुन्हा सुरू होते.